एव्हरीडे की एव्हरी डे? समटाइम की सम टाइम? (फ्लेक्स छापायला जातोय, लवकर सांगा)

डबेवाली_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला माझी छोटी खानावळ आहे, डबेही देते. दारावर सहा बाय तीनचा नवा फ्लेक्स लावायचाय. वर मराठी आणि खाली इंग्रजी, कारण आजूबाजूला कंपनीतली बाहेरगावची मुलं बरीच राहतात. इंग्रजी मजकूर मीच जुळवला:

पहिली ओळ – फ्रेश फूड एव्हरीडे
दुसरी ओळ – एव्हरीडे थाळी आणि संडे स्पेशल थाळी
तिसरी ओळ – एव्हरीडे टिफिन, मंथली
चौथी ओळ – प्लीज कॉल समटाइम बिफोर कमिंग

लेक अकरावीला आहे. ती म्हणते पहिल्या ओळीत एव्हरी आणि डे सुटं हवं, दुसऱ्या ओळीत जोडून. मी म्हटलं एकाच फ्लेक्सवर एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला तर लोक हसतील, कुठलं तरी एकच ठेव. त्यावर ती फणकारून क्लासला गेली. चौथ्या ओळीबद्दल तिलाही खात्री नाही.

इथे रोमन अक्षरं चालत नाहीत, म्हणून देवनागरीत लिहिलंय. मी जोडून लिहिलं तर स्पेलिंग जोडून समजा, मध्ये जागा सोडली तर सुटं. उद्या दुपारी फ्लेक्सवाल्याला मजकूर द्यायचाय.

चिवडा_आणि_गप्पा
ताई, डबा गंगापूर रोडला देता का? आणि रविवारच्या थाळीत काय काय असतं?

डबेवाली_इंदिरानगर
दादा, सध्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा एवढंच. गंगापूर रोडला पोचेपर्यंत वरण गार होतं. पण आधी माझ्या प्रश्नाचं बघा की!

पंचवटी_फ्लेक्स_आर्ट
ताई, माझा धंदाच हा. जोडूनच लिहा. मी गेली बारा वर्षं जोडूनच टाकतोय. दूधवाले, जिम, सलून, कोणीही येऊ दे. आजवर एकही गिऱ्हाईक परत आलं नाही. शिवाय जागाही वाचते.

अंबड_आयटीवाला
यात फारसं काही नाही. जोडून लिहिणं अमेरिकन, सुटं लिहिणं ब्रिटिश. आपण ब्रिटिश शिकलो म्हणून सुटं लिहायचं. आणि एक सोपा नियम सांगतो: पुढे नाम आलं की जोडून, नाही आलं की सुटं. थाळी हे नाम आहे, म्हणून एव्हरीडे थाळी जोडून. समटाइमचंही सोपं. तिथे समडे घालून बघा. वाक्य टिकलं तर जोडून.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
अंबडकर, दोन वेगळे नियम सांगितलेत आणि ते एकमेकांना छेद देतात! अमेरिका–ब्रिटनचा इथे काही संबंध नाही. एव्हरीडे आणि एव्हरी डे यांतला फरक दोन्हीकडे सारखाच मानतात. तुमच्या मनात एनीटाइम असावा. तो अमेरिकेत जोडून जास्त दिसतो, ब्रिटनमध्ये सुटा. हा मुद्दा वेगळा.

ताई, तुमची लेक बरोबर आहे. हे एकच शब्दाचं दोन तऱ्हांचं स्पेलिंग नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत ते आपण रोज वेगळे बोलतो. 'मी रोज स्वयंपाक करते' यातलं रोज म्हणजे सुटं एव्हरी डे. 'ही माझी रोजची साडी' यातलं रोजची म्हणजे जोडून एव्हरीडे. एकाच फ्लेक्सवर रोज आणि रोजची असे दोन शब्द आले तर कोणी हसेल का? तसंच हे.

शंका आली तर 'डे'च्या जागी 'वीक' घालून बघा. फ्रेश फूड एव्हरी वीक. अर्थ बदलला, आणि शिळं अन्न देता असं वाटलं, पण वाक्य मोडलं नाही. म्हणजे सुटं. आता एव्हरी वीक थाळी? वाक्यच लंगडं झालं. म्हणजे तिथला शब्द दुसरा आहे, जोडून. एव्हरीवीक असं जोडून कोणीच लिहीत नाही, म्हणून हात आपोआप थबकतो. ही परीक्षा मी तीस वर्षं वर्गात वापरली, मुलांना व्याकरणाची नावं न सांगता.

अंबड_आयटीवाला
सर, ब्रिटिशचं मागे घेतो. पण पुढे नाम आलं की जोडून, हे तर खरं ना? तुमच्या परीक्षेचं उत्तरही तेच येतंय.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
बहुतेकदा तेच येतं. म्हणूनच तो नियम फसवतो. हे वाक्य घ्या: एव्हरी डे पीपल कम हिअर. पीपल हे नाम आहे आणि लगेच पुढे आलंय. तुमच्या नियमाने जोडावं लागेल. जोडलंत तर अर्थ होतो, साधीसुधी माणसं इथे येतात. सुटं ठेवलंत तर, रोज माणसं इथे येतात. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, फक्त ताईंच्या खानावळीबद्दल वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. तेव्हा पुढे नाम आहे का, एवढं बघून भागत नाही. तो शब्द त्या नामाचं वर्णन करतोय की येण्याची क्रिया किती वेळा होते ते सांगतोय, ते बघायचं.

वाचून पाहिलंत तरी कळेल. जोडून असेल तर सगळा जोर पहिल्या 'ए'वर पडतो आणि 'डे' घाईत उरकतो. सुटं असेल तर 'डे'वरही जोर येतो, जरा थांबल्यासारखं होतं. लिहिताना न दिसणारा फरक कानाला ऐकू येतो. इंग्रजी कानावरून न घेता पुस्तकावरून घेतलेल्या माणसाला मात्र ही खूण तितकी उपयोगी नाही, हे कबूल. म्हणून वीक घालून बघणं बरं.

एमपीएससी_रात्रपाळी
सर, एव्हरीडे म्हणजे 'साधा' हा अर्थ आला कुठून? रोज आणि साधं यांचा काय संबंध?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
कपड्यांवरून. सतराव्या शतकात हा शब्द कपड्यांसाठी दिसतो. रविवारी चर्चला जायचे, सणावाराचे कपडे वेगळे आणि इतर दिवशी अंगावर घालायचे वेगळे. ते दुसरे एव्हरीडे. पुढे कपड्यांवरून तो कुठल्याही साध्या, नेहमीच्या गोष्टीला लागला. आपल्याकडे येवल्याची पैठणी कपाटात आणि कॉटनची साडी अंगावर, तोच प्रकार. ताईंची संडे स्पेशल थाळी म्हणजे पैठणी आणि एव्हरीडे थाळी म्हणजे कॉटनची साडी. तो शब्द त्या थाळीला चपखल बसलाय.

डबेवाली_इंदिरानगर
अय्या, खरंच की. लेकीला सांगायला हवं, पण ती आता दोन दिवस डोक्यावर बसेल. मग तिसरी ओळ, एव्हरीडे टिफिन, तीही जोडूनच ना सर? रोजचा डबा.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
इथे मीच दिलेली मराठी खूण तुम्हाला खड्ड्यात घालतेय, माफ करा. मराठीत 'रोजचा' दोन कामं करतो. 'रोजची साडी' म्हणजे साधी, नेहमीची. पण 'रोजचा पेपर', 'रोजची सकाळची बस' यात साधेपणा नाही, रोज येतो, रोज सुटते एवढंच सांगायचंय. या दुसऱ्या 'रोजचा'ला इंग्रजीत डेली म्हणतात. एव्हरीडे न्यूजपेपर म्हटलं तर ऐकणारा विचारेल, म्हणजे नेहमीचा, फार भारी नाही असा?

तुमचा महिन्याचा डबा रोज पोचतो, हे सांगायचंय. तेव्हा डेली टिफिन. एव्हरीडे टिफिन हे चूक नाही, पण त्याचा अर्थ साधा डबा असा होईल. तुमच्याकडे साधा डबा आणि स्पेशल डबा असे दोन प्रकार असतील तर तो शब्द ठेवा.

डबेवाली_इंदिरानगर
एकच प्रकार आहे. मग डेली.

पंचवटी_फ्लेक्स_आर्ट
सर, तुमचा मान राखून बोलतो. हे सगळं वर्गात ठीक. रस्त्यावरून जाणारा माणूस दुचाकीवरून तीन सेकंद फ्लेक्स बघतो. त्याला जेवण ताजं आहे एवढं कळलं की झालं. मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत जोडून लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तेही चुकतात का?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
काही चुकतात, काही नाही. एव्हरीडे लो प्राइसेस असं लिहिलं असेल तर ते बरोबर, कारण तिथे तो शब्द किमतींचं वर्णन करतोय. सेलपुरत्या नव्हे, नेहमीच्याच कमी किमती. तेच उलटून लो प्राइसेस एव्हरी डे लिहिलं की सुटं हवं. तुम्ही पहिली जाहिरात बघून दुसऱ्या वाक्यातही जोडत असाल. तीन सेकंदांचं म्हणाल तर ते खरं आहे. या चुकीने कोणी उपाशी परत जाणार नाही.

जुना_गंगाघाट
मी भाषेचा अभ्यासक नाही, पण वाचतो बरंच. मास्तर, तुम्ही जरा जास्तच ताणून धरताय. आज आपण टुडे एकसंध लिहितो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापील इंग्रजीत टू आणि डे यांच्यामध्ये जोडरेघ असायची. टुमॉरोचंही तेच. तेव्हाच्या एखाद्या मास्तरांनी जोडून लिहिणाऱ्या पोराला छडी मारली असेल. एव्हरी डेचंही उद्या तेच होईल. फ्लेक्सवाले काका काळाच्या थोडे पुढे आहेत इतकंच.

पंचवटी_फ्लेक्स_आर्ट
धन्यवाद साहेब. दुकानात या, चहा पाजतो.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
गंगाघाट, जोडरेघेचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण टुडे जोडताना काही हरवलं नाही, कारण सुट्याचा आणि जोडलेल्याचा अर्थ एकच होता. इथे जोडलं की दुसरा शब्द तयार होतो, जो आधीच वापरात आहे. मराठीत 'आजकाल' आणि 'आज, काल' एक करून दाखवा. 'आजकाल तो दुकानात येत नाही' आणि 'आज, काल तो दुकानात आला नाही' यात त्या माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. किंवा 'एकवेळ उपाशी राहीन, पण उधार मागणार नाही' आणि 'मी एक वेळ जेवतो'. पहिल्यात जिद्द आहे, दुसऱ्यात बहुधा डॉक्टरचा सल्ला.

जुना_गंगाघाट
पण मास्तर, 'एकवेळ' सुटं लिहिलेलं मी शेकडो ठिकाणी वाचलंय आणि एकदाही गोंधळलो नाही. वाक्य सगळं सांगतं. तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. छापणारे एव्हरीडे सगळीकडे जोडून लिहायला लागले तरी वाचणारा सांभाळून घेईल.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
सांभाळून घेईल, हे मान्य. पण पेपर तपासणारा आणि नोकरीचा अर्ज वाचणारा घेईलच असं नाही. शब्दकोश अजून ते दोन वेगळेच देतात.

निफाडचा_बागायतदार
माझा विषय जरा वेगळा आहे, पण चौथ्या ओळीवरून आठवलं. मी द्राक्षं पिकवतो, आणि हंगामात एका निर्यातदाराच्या ऑफिसात मेलचं कामही बघतो. हॉलंडच्या खरेदीदाराला रेसिड्यूचा रिपोर्ट पाठवायचा होता. लॅबकडून यायला तासभर होता. मी लिहिलं: वी विल सेंड द रिपोर्ट समटाइम. मला म्हणायचं होतं, थोड्या वेळाने पाठवतो. समोरून लगेच उलट मेल. कोणत्या दिवशी पाठवणार, तारीख सांगा, तोवर पुढचं लोडिंग थांबवतो. मला कळेना की हा एवढा का चिडला. मालकांनी मला झापलं ते वेगळंच. त्यात माझं चुकलं काय, ते आजवर कोणी सांगितलं नाही. स्पेल चेकने तर लाल रेघही मारली नव्हती.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
रेघ येणारच नाही, कारण समटाइम हा खराखुरा शब्द आहे. स्पेल चेक शब्द आहे की नाही ते बघतो. तुम्हाला तोच शब्द हवा होता की नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

तुम्ही जे लिहिलंत ते त्याने 'रिपोर्ट कधीतरी पाठवू' असं वाचलं. जोडून समटाइम म्हणजे कुठल्यातरी एका अनिश्चित क्षणी. आज, उद्या, पुढच्या महिन्यात. गाडी भरायला उभी आणि तुम्ही कधीतरी म्हणताय. तो चिडला यात नवल नाही.

निफाडचा_बागायतदार
आई गं. मग आफ्टर सम टाइम लिहायला हवं होतं का? आमच्याकडे सगळे तसंच लिहितात, पण तेही जोडून.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
आफ्टरनंतर सुटंच हवं, जोडून तिथे कधीच येत नाही. फॉर, आफ्टर, ॲट, यांच्या मागोमाग आलं की सुटं, आणि पुढे अगो असेल तरी सुटं. एवढं पक्कं धरा. पण सुटं लिहूनही तुमचं काम झालं नसतं. 'थोड्या वेळाने' हे मराठी आपण शब्दाला शब्द लावून आफ्टर सम टाइम करतो. इंग्रजाच्या कानाला ते बराच काळ गेल्यावर असं लागतं. सम टाइम म्हणजे थोडा वेळ नव्हे, बऱ्यापैकी वेळ. तासाभरात म्हणायचं तर इन ॲन अवर असंच लिहायचं. किती वाजता ते माहीत असताना कधी आणि किती वेळ या फंदात पडूच नये.

अंबड_आयटीवाला
माझी समडेवाली परीक्षा इथे चालली असती. रिपोर्ट समडे पाठवू, असं वाचलं असतं तर दादांना लगेच कळलं असतं.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
इथे चालली असती. पण समडे फक्त पुढच्या काळाबद्दल बोलतो. समटाइम मागच्या काळातही जातो. 'ही बाग गेल्या वर्षी कधीतरी विकली' हे इंग्रजीत समटाइम लास्ट इयर होतं, तिथे समडे बसत नाही. म्हणून तुमची परीक्षा नापास करेल आणि तुम्ही बरोबर शब्द उगाच तोडाल. त्याऐवजी ॲट सम पॉइंट घालून बघा, ते मागे-पुढे दोन्हीकडे चालतं. आणि सुट्याची परीक्षा हवी असेल तर टाइमच्या जागी मनी घाला. वी नीड सम मनी टिकतं, म्हणून वी नीड सम टाइम सुटं.

येवल्याची_माहेरवाशीण
उशिरा आले धाग्यावर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, इंग्रजीवर बोलायचा अधिकार नाही. पण सगळं वाचताना एक लक्षात आलं. तुम्ही ज्याच्यासाठी मनी आणि पॉइंट घालताय, ते आपल्या मराठीत लिंगावर चालतं.

'वेळ' हा शब्द आपल्याकडे दोन लिंगांत आहे. 'तो वेळ' आणि 'ती वेळ'. मला वेळ लागला, थोडा वेळ थांब, वेळ वाया गेला. हा पुल्लिंगी वेळ. तो मोजायचा असतो, किती लागला ते. जेवायची वेळ झाली, गाडीची वेळ कोणती, वाईट वेळ आली; ही स्त्रीलिंगी वेळ. ती घड्याळातली जागा आहे, कधी ते सांगते. प्रत्यय लावले की आणखी स्पष्ट होतं. 'थोड्या वेळात येतो' म्हणजे तो वेळ. 'वेळेत या' म्हणजे ती वेळ. पाचवीतलं पोरसुद्धा यात चुकत नाही.

मला वाटतं तुमचं सुटं सम टाइम म्हणजे तो वेळ आणि जोडून समटाइम म्हणजे ती वेळ. बरोबर का सर?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
बाई, मी तीस वर्षं फळ्यावर मनी आणि पॉइंट लिहीत बसलो आणि हे माझ्या जिभेवरच होतं! बरोबर आहे, अगदी बरोबर आहे.

एमपीएससी_रात्रपाळी
मग समटाइम्स? शेवटी एस लागलेला?

येवल्याची_माहेरवाशीण
त्याचंही आहे की. ती वेळ, त्या वेळा. तीन वेळा सांगितलं, काही वेळा ऐकतो, काही वेळा नाही. मोजता येणाऱ्या वेळा. तो वेळ मात्र अनेकवचनात जात नाही, 'तीन वेळ लागले' असं कोणी म्हणत नाही. काही वेळ, काही एका वेळी, काही वेळा. माझ्या डोक्यात आता तिन्ही इंग्रजी शब्द पक्के बसले. इतकी वर्षं बसत नव्हते.

निफाडचा_बागायतदार
थांबा, मी माझ्या जुन्या मेलांवर लावून बघतो. वी नीड समटाइम टु चेक द बॉक्सेस. पेट्या तपासायला वेळ लागेल. तो वेळ. म्हणजे सुटं हवं होतं, चुकलो. पुढचा: कॅन वी टॉक समटाइम ऑन मंडे. सोमवारी कोणत्या वेळी बोलायचं. ती वेळ. जोडून, बरोबर होतं. आणि हा: वी आर वर्किंग विथ दिस पॅकहाउस सिन्स समटाइम. बराच वेळ... की बराच काळ? काळ पुल्लिंगी. सुटं?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
सुटं. शिवाय सिन्स काढून फॉर घाला आणि आरच्या जागी हॅव बीन. पण तो वेगळा आजार आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

जुना_गंगाघाट
आता मी खोड काढतो. मे महिन्यात कधीतरी भेटू. सम टाइम इन मे. ब्रिटिश लेखक हे सुटं लिहिताना मी पाहिलेत. बाईंच्या हिशेबाने ती वेळ आहे, जोडून हवं. मग ते अशुद्ध लिहितात का?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
नाही, अशुद्ध नाही. इथे माझा हात जरा ढिला पडतो. कुठल्यातरी क्षणी या अर्थाने तिकडे सुटंही लिहितात, जोडूनही लिहितात. मी जोडून लिहितो आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगत आलो. उलट दिशा मात्र बंद आहे. किती वेळ, या अर्थाने जोडून लिहिलं की ती चूकच. एकीकडून दार उघडं, दुसरीकडून कुलूप.

जुना_गंगाघाट
मग शंका आली तर सुटं लिहावं, हा सोपा मार्ग झाला. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
समटाइमपुरतं, होय. ते मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. आणि एक अपवाद ठेवा.

एमपीएससी_रात्रपाळी
सर, अपवाद मला माहितेय बहुतेक! सराव प्रश्नपत्रिकेत होतं: द समटाइम प्रिन्सिपल ऑफ द कॉलेज. मी 'अधूनमधून प्राचार्य' असं उत्तर दिलं आणि गुण गेला.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
तोच. नामाच्या आधी आलेला समटाइम म्हणजे माजी. तो जोडूनच, सुटा नाही. अमेरिकेत मात्र कधीकधी तुमच्याच अर्थाने, अधूनमधून या अर्थानेही तो वापरतात. तेव्हा तुम्ही अगदीच वेडं उत्तर दिलं नव्हतं. पण गुण काही परत मिळणार नाही.

डबेवाली_इंदिरानगर
मंडळी, माझी चौथी ओळ राहिली. 'येण्याआधी थोडा वेळ आधी फोन करा.' थोडा वेळ, तो वेळ, म्हणून सम टाइम बिफोर कमिंग, सुटं. जमलं का?

येवल्याची_माहेरवाशीण
जमलं ताई.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
स्पेलिंग जमलं. पण निफाडकरांचं काय झालं ते वाचलंत ना? सम टाइम बिफोर म्हणजे किती आधी, हे येणाऱ्याला कळणार नाही. कोणी आदल्या दिवशी फोन करेल, कोणी दारात उभा राहून. तुम्हाला पोळ्या लाटायला किती वेळ लागतो?

डबेवाली_इंदिरानगर
अर्धा तास दिला तर गरम पोळी देते.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
मग प्लीज कॉल थर्टी मिनिट्स बिफोर कमिंग. तो वेळही नको आणि ती वेळही नको.

पंचवटी_फ्लेक्स_आर्ट
बरं, आता माझं ऐका सगळे. ताईंनी काल रात्री फोन केला, काम माझ्याकडेच आलंय. पहिली ओळ सुटी टाकतो म्हटलं खरं, पण तिथे एक अडचण आहे. आम्ही मोठ्या अक्षरांत, दाटीच्या फॉन्टमध्ये टाकतो. त्यात एव्हरीचा वाय आणि डेचा डी यांच्यामधली जागा दाबली जाते. वायचे हात वर पसरलेले, पण खाली तो निमुळता, त्यामुळे तिथे फट आधीच दिसते. जागा सोडली काय आणि नाही काय, लांबून सारखंच. मी गेली बारा वर्षं जोडून टाकतो, त्यातले निम्मे फ्लेक्स लोकांना सुटेच दिसले असतील. यावर मास्तरांकडे औषध आहे का?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
यावर माझ्याकडे काही नाही. अक्षरांच्या बाबतीत तुम्ही मास्तर.

पंचवटी_फ्लेक्स_आर्ट
मग मीच सांगतो. त्या ओळीला दाटीचा फॉन्ट घेत नाही. पहिलंच अक्षर मोठं, बाकी लहान. आणि जागा दीडपट सोडतो. एक आणखी करतो, एव्हरी वरच्या ओळीत आणि डे खालच्या ओळीत जाऊ देत नाही. ओळ तुटली की जोडून होतं का सुटं ते कोणाच्या बापालाही कळत नाही. ताई, फॉन्ट पसरला म्हणून रुंदी कमी पडतेय. फ्रेश फूडमधला फूड काढू का?

डबेवाली_इंदिरानगर
फूड काढून फ्रेश एव्हरी डे? चालेल का सर?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
चालेल. सुटंच.

डबेवाली_इंदिरानगर
ठरलं. फ्रेश एव्हरी डे सुटं, एव्हरीडे थाळी जोडून, डेली टिफिन, आणि तीस मिनिटं आधी फोन. लेकीला दाखवलं. म्हणाली, हे मी काल दोन मिनिटांत सांगितलं होतं. डेली मात्र तिनेही नव्हतं सांगितलं, ते मी तिला आवर्जून ऐकवलं.

अंबड_आयटीवाला
सर, एक शेवटचं. एव्हरीवन आणि एव्हरी वन यांचंही असंच का? तिथे तर वीक घालता येत नाही.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड
तिथे पुढे ऑफ आहे का बघा. एव्हरी वन ऑफ देम सुटं, त्यातला प्रत्येक. माणसांबद्दल 'सगळेजण' म्हणायचं असेल तर जोडून. पेट्यांबद्दल किंवा पोळ्यांबद्दल बोलताना जोडून येतच नाही. बाकीचं उद्या, गोळी घ्यायची वेळ झाली.

येवल्याची_माहेरवाशीण
ती वेळ!

चिवडा_आणि_गप्पा
ताई, मी उद्या अर्धा तास आधी फोन करून स्वतःच येतो. एव्हरीडे थाळीत ताक असतं का?

डबेवाली_इंदिरानगर
असतं. एकच्या आत या, नंतर संपतं.